अधिक-उणे ०.०९

मी ज्या टेस्टिंग लॅबमध्ये एकोणीस वर्षं नोकरी करते, ती साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खालच्या गाळ्यांमध्ये दिवसभर लेथ चालतात, म्हणून आमचा बॅलन्स, म्हणजे मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, दगडी कट्ट्यावर ठेवलाय आणि त्याभोवती काचेची पेटी आहे. कुणी दार आपटलं तरी आकडा हलतो. नव्याने लागलेली मुलं मला घाबरतात, कारण दार आपटणाऱ्याला मी सोडत नाही. मुलुंडला घरीसुद्धा माझी कीर्ती तीच. वाण्याने दिलेली डाळ मी घरच्या काट्यावर पुन्हा मोजते, यावरून नवरा मला अजून चिडवतो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की मला स्वतःबद्दल फार खात्री होती. ती कशी गेली ते लिहून ठेवायचंय. मला ते कुणाला तोंडाने सांगायला अजून जमत नाही.

आमच्याच गल्लीच्या टोकाला एक ओतकामाचा कारखाना आहे. गनमेटल, म्हणजे तांब्यात कथील मिसळलेला धातू, वितळवून त्याचे बुश ओततात, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या. ज्या कंपनीला हे बुश जातात तिची अट अशी, की घनता आठ पूर्णांक साठपेक्षा कमी नको. आत पोकळ्या राहिल्या की घनता उतरते आणि बुश गळतो, म्हणून ती अट. प्रत्येक लॉटमधला एक तुकडा आमच्याकडे यायचा. आम्ही तो आधी हवेत तोलायचो, मग तारेला टांगून पाण्यात बुडवून तोलायचो. वजन किती घटलं त्यावरून आकारमान निघतं, आणि वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता. वर्षानुवर्षं त्यांचे रिपोर्ट पास होत होते.

त्या आठवड्यात आमचं टांगायचं स्टँड दुरुस्तीला गेलं होतं. नेमका तेव्हाच कारखान्याच्या शेठचा फोन आला. गाडी उद्या निघायची आहे, रिपोर्ट आजच हवा.

मी म्हटलं, "स्टँड नाहीये. थांबावं लागेल."

"मॅडम, दुसरी काहीतरी पद्धत असेल ना? तुम्ही एवढ्या सिनियर."

सिनियर म्हटलं की मी विरघळते. दुसरी पद्धत होतीच, शाळेतली. मोजपात्रात पाणी घ्यायचं, रेघ वाचायची, तुकडा सोडायचा, पुन्हा रेघ वाचायची. वजाबाकी म्हणजे तुकड्याचं आकारमान. बारीक मोजपात्रात बुश शिरेना, म्हणून शंभर मिलीलीटरचं रुंद घेतलं. त्यावर दर एक मिलीलीटरला खूण होती, मधले दशांश डोळ्याने धरायचे. आधी पन्नास, मग छप्पन पूर्णांक दोन. फरक सहा पूर्णांक दोन. वस्तुमान बॅलन्सने दिलं बावन्न पूर्णांक तीनशे सेहेचाळीस ग्रॅम, अगदी मिलिग्रॅमपर्यंत. घनता आली ८.४४.

आता आमच्या धंद्यात नुसता आकडा देऊन चालत नाही. तो किती मागेपुढे असू शकतो तेही लिहावं लागतं, अधिक-उणे असं. ते कसं काढायचं हे मी दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. घनता आपण थेट मोजत नाही, दोन मोजमापांतून काढतो. तेव्हा त्या दोघांच्या अनिश्चितता घनतेत उतरणारच. प्रत्येकाची अनिश्चितता त्याच्या स्वतःच्या किती टक्के आहे ते बघायचं, त्या टक्क्यांचे वर्ग करून बेरीज करायची, वर्गमूळ घ्यायचं. तेवढे टक्के घनतेत. आणि रिपोर्टवर लिहिताना नियमाप्रमाणे तो आकडा दुप्पट करायचा. हे सगळं हाताने कोण करतं? त्यासाठी कॉम्प्युटरवर एक शीट होती. मीच बनवलेली, आठ वर्षांपूर्वीची. मी आकडे टाकले, शीटने उत्तर दिलं. ८.४४ अधिक-उणे ०.०९.

म्हणजे जास्तीत जास्त ८.५३. अट ८.६०ची. पूर्ण फेल, शंकेला जागाच नाही. सरांनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, चष्मा वर करून पाहिलं आणि सही केली. माझी सही त्याआधीच झाली होती.

शेठचा पुन्हा फोन आला, आवाज उतरलेला. "मॅडम, हे कसं काय? आमचा माल कधी फेल नाही झाला. नेमकं काय असेल?"

इथे मी फोन ठेवायला हवा होता. पोकळ्या असतील, असंही म्हणता आलं असतं. तेवढंसुद्धा म्हणायची गरज नव्हती, कारण आमचं काम आकडा द्यायचं, कारण सांगायचं नाही. पण मला शहाणपणा सुचला. मी म्हटलं, "पितळाची घनता ८.४च्या आसपास असते. गनमेटलमध्ये कुणी पितळाचं स्वस्त भंगार मिसळलं असेल, तर असंच येईल."

मग शेठ म्हणाला, "बरं."

आठ दिवसांनी दुपारी एक माणूस लॅबच्या काउंटरवर येऊन उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, हाताच्या पाठीवर भाजल्याचे जुने पांढरे डाग, शर्ट इस्त्रीचा. जालन्याकडून तरुणपणी मुंबईत आलेला, त्या कारखान्यात बावीस वर्षं भट्टीवर असलेला हा कारागीर. हे त्याने नंतर सांगितलं. आल्याआल्या त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक बुश काढला आणि आमच्या रिपोर्टची घडी पडलेली झेरॉक्स काढली.

"मॅडम, हे तुम्ही मोजलं का?"

"हो."

"हे नक्की आहे का?"

"शंभर टक्के," मी म्हटलं. कागदाकडे न बघता.

त्याने मान हलवली. म्हणाला, "त्या दिवशी शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, तांबं कुठं विकलंस. मी म्हटलं, मी मुशीत जे टाकतो ते तुमच्यासमोर टाकतो. तर म्हणाले, लॅबवाल्या मॅडमनी सांगितलंय पितळ आहे म्हणून. मग गेटवर माझी डब्याची पिशवी उघडली. ज्याला मी काम शिकवलं, त्यानंच उघडली. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले."

तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, पत्ता सांगावा तसं सांगत होता. तरी मी रिपोर्टच्या बाजूनेच बोलले. "हे बघा, मी फक्त तुकडा मोजला. माणसाबद्दल आम्ही काही लिहीत नाही."

"लिहिलं नाही," तो म्हणाला. "सांगितलं."

मी त्या झेरॉक्सची घडी बोटाने सपाट केली.

मग त्याने तो बुश पुढे केला. "हा त्याच मुशीतला आहे. तुमच्याकडे जो आला त्याच्या शेजारच्या साच्यातला. माझ्या घरी राहिला होता, मापाला नेला होता. हा मोजून द्या. माझ्यासमोर."

अशी टेस्ट करता येत नाही, अर्ज लागतो, हे मी म्हणू शकले असते. मी म्हटलंही अर्धं. पण मग मला राग आला, त्याचा नाही, माझ्यावर कुणी शंका घेतोय याचा. म्हटलं, चला, दाखवतेच याला. स्टँड अजून आलेलं नव्हतं. तेच मोजपात्र काढलं, पन्नासपर्यंत पाणी भरलं. बुश तोलला, एक्कावन्न पूर्णांक आठशे सत्तर. दोऱ्याने हळूच पाण्यात सोडला, बुडबुडे झटकले आणि वाकून रेघ वाचली.

"छप्पन," मी म्हटलं.

तोही माझ्या बाजूला वाकला. त्याने डोळा पाण्याच्या बरोबर पातळीत आणला, हे माझ्या लक्षात आलं. असं वाकायला मुलांना शिकवावं लागतं.

"मला जरा वर दिसतंय," तो म्हणाला. "दोन खुणांच्या मध्ये. ह्या जागेचे दहा भाग केले तर दोन भाग वर."

"छप्पन पूर्णांक दोन?"

"असेल. माझा डोळा भट्टीनं गेलाय, पण तुमचा चष्मा पण जाड आहे, मॅडम."

मी पुन्हा पाहिलं. पाण्याची कड काचेला चिकटून जराशी वर चढते आणि मध्ये खोलगट राहते. खोलगट भागाचा तळ वाचायचा असतो. छप्पनच. की जरा वर? मान थोडी खाली केली तर वर, थोडी वर केली तर छप्पनवर. एवढ्याशा गोष्टीला काय अर्थ आहे, असं मला वाटलं. दोन दशांश मिलीलीटर, म्हणजे चार थेंब.

"हे घ्या, माझं छप्पन टाकते," म्हणून मी शीटमध्ये आकडे घातले. फरक सहा. घनता ८.६५. पास.

त्याचा चेहरा जरा सैल झाला. मी उदार होऊन म्हटलं, "आणि आता तुमचा टाकते." फरक सहा पूर्णांक दोन. घनता ८.३७.

फेल.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. तोच तुकडा, तेच पाणी. माझ्या डोळ्याने पास, त्याच्या डोळ्याने फेल, मध्ये चार थेंब. आणि दोन्ही उत्तरांच्या शेजारी शीटने बिनदिक्कत छापलं होतं, अधिक-उणे ०.०९. आकडा अठ्ठावीस शतांश हलला होता आणि शीट सांगत होती की तो नऊ शतांशापेक्षा जास्त हलणारच नाही.

"मॅडम, हे अधिक-उणे म्हणजे काय असतं?" त्याने विचारलं.

"चूक किती असू शकते ते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"मग ती तर ह्याच्याहून मोठी आहे."

मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि शीटच्या आत शिरले. एकेक कप्पा उघडून सूत्र वाचायला लागले. बॅलन्सची अनिश्चितता बावन्न ग्रॅममध्ये जवळपास शून्य. ठीक. दोन वाचनांची, प्रत्येकी दोन दशांश, वर्ग, बेरीज, वर्गमूळ, शून्य पूर्णांक अठ्ठावीस. ठीक. आता ही कशाच्या टक्के? फरकाच्या टक्के हवी, कारण घनतेत भागतोय ते फरकाने. शून्य पूर्णांक अठ्ठावीस भागिले सहा पूर्णांक दोन, म्हणजे साडेचार टक्के. पण माझ्या सूत्रात भागाकार होता छप्पन पूर्णांक दोनने. दुसऱ्या वाचनाने. अर्धा टक्का.

मला लगेच आठवलं ते कसं झालं. ही शीट मी मुळात तेलासाठी बनवली होती. तेल मोजपात्रात भरलं की जी रेघ वाचाल तेच आकारमान, वजाबाकी नाहीच. तिथे वाचनाने भागणं बरोबर होतं. पुढे कुणीतरी घन वस्तू आणली, मी वजाबाकीची एक ओळ मध्ये घुसवली, घनतेचं सूत्र बदललं आणि टक्क्यांचं बदलायचं राहिलं. तपासणीला आलेल्या ऑडिटरने तेलाचंच उदाहरण सोडवून पाहिलं आणि शाबासकी दिली होती. मी ती घरी जाऊन सांगितली होती.

खरा हिशेब मी तिथेच कागदावर केला. साडेचार टक्के, ८.४४चे, म्हणजे ०.३९. दुप्पट, ०.७७. रिपोर्ट असा हवा होता: ८.४ अधिक-उणे ०.८. म्हणजे साडेसातच्या जरा वरपासून नऊच्या जरा वरपर्यंत काहीही. त्यात पितळ येतं, गनमेटल येतं, पोकळीवाला माल येतो, उत्तम मालही येतो. त्या मोजपात्राने या तुकड्याबद्दल काहीही सांगता येत नव्हतं. आणि मी फोनवर पितळ म्हणाले होते.

त्याने चहाचा कप टेबलावर ठेवला. "काय झालं?"

"माझी चूक झाली," मी म्हटलं. आयुष्यात मी हे वाक्य कामाच्या ठिकाणी पहिल्यांदा बोलले असेन.

त्याने मोजपात्रातला बुश दोऱ्याने वर ओढला, रुमालाने पुसला, खिशात ठेवला. जाताना एवढंच म्हणाला, "मग आता खरं काय, ते पण तुम्हीच सांगणार ना?"

सरांच्या केबिनमध्ये मी तो कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "शीट कुणी बनवली?" त्यांनी विचारलं, जरी त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, मी. त्यांनी फायलीतून त्या रिपोर्टची प्रत काढून पाहिली. मग म्हणाले, "सही माझीपण आहे गं. मी काय वाचून सही केली?" ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्याच दिवशी त्यांनी रजिस्टर उघडून त्या शीटवर घन वस्तूंचे अजून कुठले रिपोर्ट गेले ते शोधायला लावलं. चार निघाले. चौघांना पत्रं गेली.

आमच्याकडे टेस्ट झालेला तुकडा महिनाभर पिशवीत ठेवायची पद्धत आहे. त्या पद्धतीची मी नेहमी कुरकुर करायचे, कपाट भरतं म्हणून. दोन दिवसांनी स्टँड आलं, तेव्हा तोच पहिला तुकडा त्या कपाटातून काढला. हवेत बावन्न पूर्णांक तीनशे सेहेचाळीस. तारेला टांगून पाण्यात शेहेचाळीस पूर्णांक तीनशे चाळीस. वजन घटलं सहा ग्रॅमला सहा मिलिग्रॅम वर. पाण्याचं तापमान वाचलं, सत्तावीस अंश. त्या तापमानाच्या पाण्याच्या घनतेने भागलं. आकारमान सहा पूर्णांक शून्य तीन. घनता ८.६९. इथे अख्खं मोजमाप बॅलन्सवर होतं, डोळ्याचं काम नव्हतं, म्हणून अनिश्चितताही लहान. ती मी शीटवर न काढता हाताने काढली, तीनदा. अधिक-उणे ०.०१.

माल पास होता. पहिल्या दिवसापासून पास होता. मी त्या दगडी कट्ट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. बाहेर मुलं होती म्हणून काचेच्या पेटीची काच पुसत राहिले.

सुधारलेला रिपोर्ट ईमेलने जातो. मी म्हटलं, मी हातात घेऊन जाते. सर नको म्हणाले नाहीत.

कारखान्यात शेठने कागद वाचला आणि खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे पितळ नव्हतं?"

"नव्हतं. आणि ते पितळ आहे असं तेव्हा मोजमापातून निघतच नव्हतं. मी उगाच बोलले. हे मला तुमच्या माणसांसमोर सांगायचंय."

"अहो मॅडम, राहू द्या, चूक होते. मी त्याला फोन करतो ना."

"त्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतंत," मी म्हटलं. "मग हेपण सगळ्यांसमोर."

शेठने उठून भट्टीचा ब्लोअर बंद करायला सांगितला. सहा-सात माणसं भट्टीपाशी जमली. मी सांगितलं की माल बरोबर होता, मोजण्यात चूक माझी होती, तुमच्या माणसाने काही केलेलं नाही. एक तरुण कारागीर जमिनीकडे बघत होता, आणि पिशवी यानेच उघडली असणार हे मला न विचारता कळलं.

सोमवारी तो भट्टीवरचा कारागीर कामावर परत आला, असा शेठचा मेसेज आला. मला हायसं वाटलं. चला, निभावलं, असं स्वतःशी म्हटलंसुद्धा. गुरुवारी पुढच्या लॉटचा तुकडा घ्यायला मी मुद्दाम स्वतः गेले. काम सुटायची वेळ होती. शेठ गेटपाशी कुणाशी तरी बोलत उभा होता. माणसं एकेक करून बाहेर पडत होती, हात हलवत, मोबाईल बघत.

तो शेवटी आला. मला बघून ओळखीचं हसला, "मॅडम, आज स्टँडवरच मोजणार ना?" म्हणाला. मीही हसले. मग तो गेटपाशी थांबला. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली, चेन उघडली, डबा बाहेर काढला, त्याचं झाकण काढलं आणि दोन्ही पुढे धरून उभा राहिला.

"अरे, काय करतोस? जा ना," शेठ म्हणाला.

"बघून घ्या," तो म्हणाला.

शेठने मान फिरवली. तो तसाच उभा राहिला, डबा माझ्याकडे वळवून. मी पाहिलं. डब्यात मेथीच्या भाजीचा एक तुकडा चिकटलेला होता, बाकी तो रिकामा होता.